वेळ मीच दिली, आता मलाच जमत नाही

“गुरुवारी चारची मीटिंग मीच ठरवली. सर कोल्हापूरहून येणार आहेत आणि आता त्याच दिवशी आमचं ऑडिट लागलंय. कालपासून मेल लिहितेय आणि खोडतेय. कोणत्या तोंडाने सांगू?”

चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करणाऱ्या बाईंचा हा प्रश्न. मीटिंग होती १२ मार्चला आणि त्या आल्या मंगळवारी, १० तारखेला सकाळी. ऑडिटचं त्यांना सोमवारीच कळलं होतं. खरी गैरसोय या गेलेल्या दिवसात होती, कारण समोरचा गाडी ठरवतो, बरोबर कोणाला आणायचं ते ठरवतो. त्यामुळे मेल बाजूला ठेवून आधी फोन करायचं ठरलं.

त्यांचा मसुदा मात्र पाहण्यासारखा होता. अकरा ओळी, त्यातल्या सात ऑडिटवर. ‘सॉरी’ तीनदा. आणि शेवटी, “तुम्हाला जमेल तेव्हा सांगा.” हे नम्र वाटतं, पण वेळ शोधायचं काम बिचाऱ्या सरांच्याच गळ्यात पडतं. त्याआधीच्या मसुद्यात ‘पुढच्या गुरुवारी याच वेळी’ असं होतं. पुढचा गुरुवार म्हणजे १९ मार्च २०२६, गुढीपाडवा! घाईत वार पाहिला जातो, तारीख नाही.

फोननंतर पाठवायचा मजकूर असा झाला:

“सर, गुरुवार १२ मार्चची दुपारी ४ ची मीटिंग मला पुढे ढकलावी लागते आहे. त्याच दिवशी आमचं ऑडिट आहे. वेळ मीच सुचवली होती आणि तुम्ही त्यासाठी दिवस मोकळा ठेवलात, त्याबद्दल माफी मागते. शुक्रवार १३, सकाळी ११. सोमवार १६, दुपारी ४. मंगळवार १७, दुपारी ३. यांपैकी कोणती वेळ सोयीची? तिन्ही वेळा उद्या संध्याकाळी ६ पर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवते. एकही जमत नसेल तर तुमची वेळ सांगा.”

कारण एका ओळीत, माफी एकदाच, आणि तीही नेमक्या कशाबद्दल ते सांगून. वेळा तीन, वेगवेगळ्या दिवशी, सकाळ-दुपार मिळून. राखून ठेवते म्हटलं की स्वतःच्या कॅलेंडरमध्ये त्या खरंच अडवायच्या. नाहीतर सर ‘हो’ म्हणतात आणि आपल्याला दुसऱ्यांदा ढकलावं लागतं. तेव्हा मात्र माफीला वजन उरत नाही.

फोनवर कळलं, की सर गुरुवारी चाकणमध्येच आणखी एका गिऱ्हाइकाकडे जाणार होते, म्हणजे लगेच शुक्रवारी परत येणं त्यांना अवघड. त्यांनी १७ तारीख घेतली. बाईंनी जुनं निमंत्रण रद्द न करता त्यातलीच तारीख आणि वेळ बदलली, त्यामुळे सोबत जोडलेले कागद आणि बाकीच्यांची नावं जागच्या जागी राहिली. मीटिंगची खोली मात्र निमंत्रणात नव्हती, रिसेप्शनच्या वहीत होती. ती गुरुवारी चारला त्यांच्याच नावावर अडकून राहिली होती.