पहिल्या फोनवर डबा विकू नका

मी कोल्हापुरात घरून डबे देते. राजारामपुरीतल्या ऑफिसांना फोन केला की ‘नको’ म्हणून ठेवून देतात. काय बोलू?

ताई, पहिल्या फोनातून दोनच गोष्टी मिळवायच्या: जेवणाचं कोण बघतं त्यांचं नाव आणि भेटीची वेळ. छोट्या ऑफिसात हे काम बहुतेक वेळा मालकाकडं नसून अकाउंटंटकडं असतं. अकरा-साडेअकराला फोन करा. वाक्यं कागदावर लिहून आधी दोनदा मोठ्यानं वाचा:

“नमस्कार, मी राजारामपुरीतूनच बोलतेय. इथल्या ऑफिसांना घरचा डबा देते. तुमच्याकडं दुपारच्या जेवणाचं कोण बघतं?”

आणि थांबा. ‘डबा हवाय का?’ विचारलंत की ‘नको’ म्हणणं सोपं होतं, ‘कोण बघतं?’ याला नाव सांगावं लागतं. ती व्यक्ती फोनवर आली की विचारा, “स्टाफ डबा घरून आणतो की बाहेर जेवतो?” सगळे घरून आणत असतील तर आभार मानून ठेवा, तिथं वेळ घालवू नका. चार-पाच जण बाहेर जेवत असतील तर लगेच म्हणा, “गुरुवारी साडेबाराला दोन डबे चवीला घेऊन येते, चालेल?” दोनच. सगळ्या स्टाफला फुकट जेवण घालू नका.

‘रेट व्हॉट्सअॅपवर पाठवा’ म्हणतात आणि पुढं उत्तरच देत नाहीत.

नुसता आकडा गेला की तो दुसऱ्या स्वस्त आकड्याशेजारी ठेवला जातो. म्हणून म्हणा, “पाठवते. किती जणांचा आणि चपाती की भाकरी, तेवढं सांगा, म्हणजे तसा रेट लिहिते.” जो माणूस संख्या सांगतो त्याला गरज आहे. जो टाळतो तो तुम्हाला वाटेला लावतोय. दोन दिवसांनी एक फोन करा, मग त्याला सोडा.

शिरोली एमआयडीसीत वॉचमन आत सोडत नाही. शिवाय उधारीची भीती वाटते.

वेळ न ठरवता जाऊ नका. गेटवर सांगा, “मामा, अमुक साहेबांनी साडेबाराला बोलावलंय.” फोनवर मिळवलेलं नाव इथं कामी येतं. फाउंड्री असेल तर आत गेल्यावर पहिला प्रश्न वेळेचा: “भट्टीचं ओतकाम चालू असेल तर जेवण किती वाजता होतं?” तासभर उशीर झाला तर तुमची भाजी गार होते आणि नाव तुमचं खराब होतं.

उधारीचं बोलणं जेवण चाखून झाल्यावर, पण त्याच भेटीत करा. समजा 18 डबे, 80 रुपये दर आणि महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 37,440 रुपयांचं बिल होतं. महिनाअखेरीपर्यंत किराणा, गॅस तुमच्याच खिशातून जातो. “पहिला महिना दर शनिवारी बिल देते, पुढं पंधरवड्याला,” असं सांगा आणि ते कागदावर घ्या. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, असेल तर कायदाही मदतीला आहे: पैशांची मुदत लेखी ठरलेली नसेल तर 15 दिवसांत, ठरलेली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण पहिल्या भेटीत कायदा काढू नका. नोंदणी क्रमांक बिलावर छापा, अकाउंटंटला तेवढं पुरतं.