काकूंच्या फोनवरून आलेल्या ‘हॅलो’ला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज आलाय, ‘हॅलो, मी प्रणाली. माझा फोन बिघडलाय, हा काकूंचा फोन आहे.’ प्रणाली नावाची ओळखीची मुलगी आहे, पण नंबर तिचा नाही. काय उत्तर देऊ?

हा मेसेज दोघी वाचणार आहेत, हे धरूनच उत्तर लिहा. आत्ता फोन प्रणालीच्या हातात असेलही, पण तासाभराने तो काकूंच्या हातात जाईल आणि तुमचं लिहिणं तिथेच राहील. शिवाय लॉक केलेल्या स्क्रीनवरसुद्धा मेसेजची पहिली ओळ दिसते. त्यामुळे पहिल्या ओळीत काकूंनी वाचली तरी चालेल अशीच गोष्ट हवी.

आधी ती खरंच प्रणाली आहे का, हे बघून घ्या. इथे बहुतेक जण एक चूक करतात. ‘प्रणाली का? साताऱ्याची? निलेशची बहीण ना?’ असं विचारतात. समोर कोणी लबाड असेल तर त्याला फक्त ‘हो’ म्हणायचं उरतं, बाकीची माहिती तुम्हीच पुरवलेली असते. त्याऐवजी नुसतं ‘कोणती प्रणाली?’ विचारा आणि थांबा. ओळखीची असेल तर ती स्वतःहून आडनाव, गाव, नातं सांगेल, नाहीतर ‘अगं मीच’ म्हणून चिडेल. चिडली तर चिडू द्या.

नंबर सेव्ह नसेल तर व्हॉट्सॲप नावाआधी एक नागमोडी रेघ दाखवतं, उदा. ‘~Sunita’. ते नाव फोनच्या मालकाने प्रोफाइलला दिलेलं असतं, मेसेज लिहिणाऱ्याचं नाही. म्हणजे ‘मी प्रणाली’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर ‘~Sunita’ दिसलं तर ते काकूंच्या गोष्टीशी जुळतं. पण एवढ्याने खात्री होत नाही, कारण प्रोफाइलचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो.

पक्की खात्री हवी असेल तर प्रणालीच्या जुन्या नंबरवर फोन लावा. बिघडलाय म्हणते, म्हणून लागणार नाही असं धरून बसू नका. लागला आणि तिने उचलला तर प्रश्न तिथेच मिटला. नाही लागला तर तिच्या घरच्या ज्या माणसाचा नंबर तुमच्याकडे आधीपासून आहे, त्याला विचारा. याच चॅटमध्ये ‘हा घे माझ्या भावाचा नंबर’ म्हणून आलेल्या नंबरवर विचारलंत तर खात्री झालीच नाही.

ती प्रणालीच असेल तर पहिलं उत्तर साधारण असं लिहा:

‘हो गं प्रणाली, बोल. काकूंना नमस्कार सांग. काय काम आहे ते दोन ओळीत लिही, बाकीचं तुझा फोन सुरू झाला की बोलू. हा फोन किती वेळ आहे तुझ्याकडे?’

शेवटचा प्रश्न उगाच नाही. ‘पाच मिनिटं’ असं उत्तर आलं तर तुम्ही रात्री लिहिलेलं उत्तर काकूंपर्यंत जाणार, हे आधीच कळतं. आणखी एक गंमत अशी, की फोन परत करताना बरेच जण तो चॅट पुसून टाकतात. मग तुमचं उशिराचं उत्तर काकूंच्या फोनवर नवा चॅट म्हणून उगवतं. मागचापुढचा संदर्भ नाही, नंबर अनोळखी, आणि मजकूर ‘ठीक आहे, उद्या ये, पण घरी सांगू नकोस.’ त्यानंतर काकूंच्या घरी काय होईल याची कल्पना तुम्हीच करा.

म्हणून दहा-पंधरा मिनिटं उलटून गेली असतील तर काकूंनाच उद्देशून लिहा: ‘नमस्कार काकू. मघाशी प्रणालीने या नंबरवरून मेसेज केला होता. तिला एवढंच सांगाल का, की शनिवारी सकाळी दहाचं नक्की आहे.’ काकू तुमच्या ओळखीच्या नाहीत, तेव्हा ‘तुम्ही’, पूर्ण वाक्य आणि एकच निरोप. अंगठ्याची इमोजी, ‘बोल ना यार’ असलं काही नको. काकूंनी ‘कोण आपण?’ विचारलं तर स्वतःचं नाव आणि प्रणालीशी ओळख कशी, एवढं सांगा. हा फोन तिने कशासाठी मागून घेतला ते काकूंना समजावत बसू नका, ते तिचं तिने सांगावं.

निळ्या टिकांवरही विसंबू नका. मेसेज त्या फोनवर उघडला गेला एवढंच त्या सांगतात, कोणी उघडला ते नाही. निळ्या टिका दिसल्या, म्हणजे प्रणालीला निरोप मिळाला असं समजून शनिवारी दहाला जाऊन उभे राहू नका. तिने स्वतः ‘बरं’ म्हटलं तरच निरोप पोचला.

चुकून जास्त लिहून गेलात तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो, आणि साधारण दोन दिवसांपर्यंत ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ने काढता येतो. पण काढलेल्या मेसेजच्या जागी ‘मेसेज डिलीट केला’ अशी खूण राहते आणि काकूंनी नोटिफिकेशनमध्ये आधीच वाचलं असेल तर ते परत घेता येत नाही. अशा चॅटमध्ये ती खूण मूळ मजकुरापेक्षा जास्त संशय वाढवते, असं माझं मत. तेव्हा पत्ता, पैशांच्या गोष्टी, तब्येत, कोणाच्या लग्नाची बोलणी, फोटो यातलं काहीच इथे नको.

नंबर सेव्ह करायचा असेल तर ‘प्रणाली’ म्हणून करू नका. ‘प्रणालीच्या काकू’ असं नाव द्या. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही प्रणालीला म्हणून पाठवलेला निरोप थेट काकूंकडे जाईल.

आता पैशाचं. ‘या नंबरवर पाचशे पाठव, फोन दुरुस्त करायचाय’ असं आलं तर यूपीआयमध्ये तो नंबर ज्या बँक खात्याला जोडलाय, त्याच खात्यात पैसे जातात. म्हणजे खरीच काकू असली तरी पैसे काकूंच्या खात्यात, प्रणालीच्या नाही. पैसे पाठवण्याआधी ॲप खातेदाराचं नाव दाखवतं, ते वाचा. आणि आवाज ऐकल्याशिवाय, तोही साध्या फोनवर, पाठवू नका. ‘तुझ्या फोनवर चुकून सहा आकड्यांचा कोड आलाय, तो सांग’ असं विचारलं तर तिथेच संवाद बंद करून नंबर ब्लॉक करा. तो कोड तुमचं स्वतःचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्यासाठी लागतो, प्रणालीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तक्रारीत नंबर, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक लागतो, म्हणून चॅट पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.