खांबांच्या कडेचे काळे पट्टे आणि बंद खोलीतले ऊन

प्रश्न (साताऱ्याहून): "युनिटीमध्ये जुन्या वाड्याची लेव्हल बेक केली. खांबांच्या कडांना काळे पट्टे येतात आणि बंद खोलीत भिंतीच्या पायाशी उन्हाची रेघ दिसते. Lightmap Resolution १० चे ४० केले, तर पट्टे बारीक झाले, पण गेले नाहीत. कुठे चुकते आहे?"

पट्टे बारीक झाले, ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत उपयोगी ओळ आहे. सांगलीत आम्हीही एक वाडाच उभा करत होतो आणि याच जागी माझे जवळपास तीन आठवडे गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा अनुभव युनिटीच्या प्रोग्रेसिव्ह लाइटमॅपरपुरता आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

रेझोल्यूशन वाढवल्यावर पट्टा बारीक होत असेल, तर यूव्हीचे तुकडे एकमेकांवर नाहीत, फक्त फार जवळ आहेत. डाग मात्र त्याच जागी आणि त्याच आकाराचा राहिला, तर दोन पृष्ठभाग खरोखरच एका जागेत बसवलेले आहेत आणि कितीही रेझोल्यूशन दिले तरी ते वेगळे होणार नाहीत. बेक झाल्यावर सीन व्ह्यूमध्ये UV Overlap हा प्रकार निवडा; जिथे लाइटमॅपचे ठिपके, म्हणजे टेक्सेल, एकमेकांत शिरतात तो भाग लाल दिसतो.

तुमच्या खांबांचे बहुधा असे झाले असावे. Generate Lightmap UVs मधल्या Pack Margin चे मूळ मूल्य ४ असते. परंतु ते चार पिक्सेल, ती एकच वस्तू १०२४ गुणिले १०२४ चा अख्खा लाइटमॅप व्यापते असे धरून मोजलेले असतात. खांबाला प्रत्यक्षात १२८ गुणिले १२८ एवढीच जागा मिळाली, तर चाराचे अर्धा टेक्सेल उरते. मग खांबाच्या उजेडातल्या बाजूशेजारी सावलीतली बाजू जवळजवळ चिकटून बसते आणि रंग गुळगुळीत करताना तिचा काळेपणा या बाजूच्या कडेवर उतरतो. दोन टेक्सेलांचे अंतर हवे असेल, तर Pack Margin १६ करावे लागेल. रेझोल्यूशन चौपट केल्यावर मात्र त्याच पृष्ठभागासाठी टेक्सेल सोळापट होतात, आणि तरीही कारण जागच्या जागी राहते. आमचा बेक रात्रभर चालायचा; त्यात वीज गेली की सगळे पहिल्यापासून.

आता माझी चूक. भिंतींची मॉडेल एका संस्थेकडून करून घेतली होती. "दुसरा यूव्ही संच तयार आहे, तुम्ही काही करू नका," असे त्यांनी कळवले आणि मी ते उघडून न पाहता मान्य केले. डाग दिसू लागल्यावर त्यांचे उत्तर प्रत्येक वेळी एकच: रेझोल्यूशन वाढवा. शेवटी UV Overlap लावून पाहिले, तर अख्खी भिंत लाल! टेक्स्चरची जागा वाचावी म्हणून पहिल्या संचात भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींवर बसवलेली होती. रंगासाठी ते चालते. पण प्रकाशासाठीचा दुसरा संच म्हणजे त्याचीच नक्कल होती. साहजिकच बाहेरचे ऊन आणि आतला अंधार एकाच टेक्सेलच्या वाट्याला येत होते. Generate Lightmap UVs चालू करून दुसरा संच नव्याने तयार करताच डाग गेले. एका चौकटीत खूण करण्याइतकेच काम होते, हे आजही खटकते.

उन्हाची रेघ हे वेगळे दुखणे आहे. रेझोल्यूशन १० असताना एक टेक्सेल १० सेंटिमीटरचा होतो. भिंतही तेवढीच जाड आणि जमीन आतून बाहेरपर्यंत अखंड असेल, तर एकाच टेक्सेलचा काही भाग खोलीत आणि काही उन्हात पडू शकतो. त्याला उजेड एकच मिळतो. तोच आत रेघ म्हणून दिसतो. मी जमीन भिंतीच्या रेषेवर कापून आतली आणि बाहेरची वेगळी केली आणि भिंतींना खऱ्या वाड्यासारखी जाडी दिली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती मुळातच चांगल्या जाड असतात, त्यामुळे इथे कागदासारखी पातळ भिंत काढणे दिसायलाही चुकीचेच. जाडी वाढवणे शक्य नसेल, तर खेळणाऱ्याला न दिसणाऱ्या बाहेरच्या बाजूला एक जाड ठोकळा भिंतीला चिकटवून लावावा आणि तोही बेकमध्ये घ्यावा.

Stitch Seams चा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो एकाच वस्तूतल्या शिवणीवर चालतो. वेगवेगळ्या तुकड्यांनी जोडलेल्या भिंतींच्या सांध्यावर नाही. मी तो सगळ्यात शेवटी लावतो.

आधी एकच खांब आणि एकच खोली वेगळ्या सीनमध्ये घेऊन रेझोल्यूशन १० वर बेक करा. तेवढा बेक लवकर होतो, आणि Pack Margin बदलल्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो.