आरटीएम पूर्ण भरलेली असूनही रिक्वायरमेंट सुटते, त्यावर उत्तर

> «नाशिकच्या एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे, कांदा व्यापाऱ्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे. आमच्या एक्सेलच्या आरटीएममध्ये, म्हणजे रिक्वायरमेंट आणि टेस्ट जोडणाऱ्या तक्त्यात, प्रत्येक रिक्वायरमेंटसमोर टेस्ट केस आहे, तरी रिलीज झाल्यावर पिंपळगावच्या व्यापाऱ्याचा फोन आला की पट्टीत उचल वजाच होत नाही. न तपासलेलं आधीच दिसावं यासाठी काय करू? क्लायंटचा क्वालिटी विभाग म्हणतो शीट शंभर टक्के आहे, अजून काय पाहिजे.»

क्लायंटच्या क्वालिटी विभागाला फक्त रिकामा रकाना शोधता येतो. रकान्यात काहीतरी लिहिलेलं असलं की त्यांचं काम झालं. हा प्रकार सगळीकडे आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महागही हाच पडतो: शीट रिलीजच्या आदल्या आठवड्यात बसून, रिक्वायरमेंटचं शीर्षक आणि टेस्टचं नाव जुळवत भरली जाते. दोन्हीकडे «हिशोबपट्टी» हा शब्द आहे ना, मग जोडा. अशा शीटमध्ये भोक दिसणारच नाही, कारण ते बुजवायलाच ती भरलेली असते.

तुमची रिक्वायरमेंट साधारण अशी असणार: «निव्वळ वजनावर भाव लावून, हमाली, तोलाई आणि आधीची उचल वजा करून हिशोबपट्टी तयार व्हावी, पट्टी रद्द केल्यास उचलीची बाकी पूर्ववत व्हावी.» तिला नंबर एक, पण आत नियम पाच-सहा. समोर जोडलेल्या टेस्टमध्ये भरलेल्या गाडीचं वजन ३,४६० किलो, रिकाम्या गाडीचं १,२१०, निव्वळ २,२५० म्हणजे साडेबावीस क्विंटल. भाव १,८०० धरला तर ४०,५००. हमाली क्विंटलला समजा ८ रुपये आणि तोलाई ४, म्हणजे २७० वजा, देणं ४०,२३०. टेस्ट पास. पण टेस्टसाठी घेतलेल्या शेतकऱ्याच्या नावावर उचलच नव्हती! उचलीचा कोड चाललाच नाही आणि शीट म्हणते तपासलं.

म्हणून आधी तोडणी करा. एका ओळीत एकच गोष्ट, जी स्वतंत्रपणे चुकू शकते:

```
HP-17-01  निव्वळ = भरलेली गाडी - रिकामी गाडी
HP-17-02  रक्कम = निव्वळ क्विंटल x भाव
HP-17-03  हमाली, तोलाई वजा
HP-17-04  उचल देण्यापेक्षा कमी: पूर्ण वजा
HP-17-05  उचल देण्यापेक्षा जास्त: ?
HP-17-06  पट्टी रद्द: उचलीची बाकी पूर्ववत
```

उचल ५,००० असेल तर ३५,२३० द्यायचे, हे सरळ आहे. पण उचल ४५,००० असेल तर? देणं शून्य दाखवून ४,७७० बाकी पुढच्या पट्टीवर न्यायची, की पट्टी उणे रकमेची निघेल? मूळ वाक्यात याचा पत्ता नाही. टेस्टचा अपेक्षित निकाल अंदाजाने लिहू नका, क्लायंटकडून लेखी घ्या. तोडणी केल्यावर न तपासलेलं तर दिसतंच, न ठरवलेलंही दिसतं, आणि दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. आधी सगळ्या रिक्वायरमेंट तोडत बसू नका. पैसे, वजन आणि रद्द करणं जिथे आहे तिथून सुरुवात करा. लॉगिनच्या स्क्रीनची इतकी चिरफाड नाही केली तरी चालेल.

नंबर वर दिलेत तसे अक्षरांनी सुरू होणारे ठेवा. नुसतं 17.1 आणि 17.10 लिहिलं तर एक्सेल दोन्ही एकच मानतं, आणि 3-1 लिहिलं की तारीख करून टाकतं. वर्डमधले आपोआप पडणारे परिच्छेद क्रमांक तर वापरूच नका. मध्ये एक परिच्छेद घातला की खालची सगळी जोडणी एका घराने सरकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काढून टाकलेल्या रिक्वायरमेंटचा नंबर दुसरीला देऊ नका.

आता शीट. एका खान्यात स्वल्पविराम देऊन पाच टेस्ट लिहायची सवय मोडा. तसं लिहिलं की मोजायला `*HP-1*` असा शोध द्यावा लागतो आणि त्यात HP-17 पण मोजली जाते. `Links` नावाची वेगळी शीट करा, एका जोडीला एक ओळ: A मध्ये रिक्वायरमेंट, B मध्ये टेस्ट, C मध्ये जोडताना रिक्वायरमेंटची जी आवृत्ती होती तिचा आकडा, D मध्ये निकाल. `Runs` शीटवर याच बिल्डचे निकाल, A मध्ये टेस्ट, C मध्ये PASS किंवा FAIL. `Reqs` शीटवर A मध्ये नंबर, B मध्ये मजकूर, C मध्ये सध्याची आवृत्ती, साधा पूर्णांक.

```
Links D2: =XLOOKUP(B2,Runs!$A:$A,Runs!$C:$C,"NOT RUN",0,-1)
Reqs D2:  =COUNTIFS(Links!$A:$A,A2,Links!$C:$C,C2)
Reqs E2:  =COUNTIFS(Links!$A:$A,A2,Links!$C:$C,C2,Links!$D:$D,"PASS")
```

शेवटचा -1 खालून वर शोधतो, म्हणजे टेस्ट दोनदा चालवली असेल तर शेवटचा निकाल येतो. जुन्या एक्सेलमध्ये (२०१९ आणि त्याआधीच्या) XLOOKUP नाही, तिथे दुसरी सोय बघावी लागेल.

D शून्य म्हणजे चालू आवृत्तीला जोडलेली टेस्टच नाही. D आहे पण E कमी म्हणजे टेस्ट आहे, पण या बिल्डवर चालली नाही किंवा फेल झाली. आवृत्तीचा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण खरं काम तोच करतो. उचलीचा नियम बदलला, तुम्ही `Reqs` मध्ये 1 चे 2 केले की जुन्या जोड्या आपोआप मोजणीतून बाहेर पडतात आणि ती ओळ शून्यावर येते. टेस्ट उघडून वाचायची, लागेल तिथे दुरुस्त करायची, मगच `Links` मध्ये 2 लिहायचं. न वाचता रकाना खाली ओढून सगळीकडे 2 करणारे लोक असतात. त्यांना त्या शीटवर लिहायची परवानगी देऊ नका.

एवढं करूनही खोटी जोडणी आकड्यात दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: हा नियम कोडमधून काढला तर ही टेस्ट फेल होईल का? पैशांच्या ओळींसाठी हे खरोखर करून बघा. डेव्हलपरला वेगळ्या बिल्डवर उचल वजा करणारी ओळ बंद करायला सांगा आणि HP-17-04 ला जोडलेल्या टेस्ट चालवा. ज्या तरीही पास झाल्या त्यांची जोडणी `Links` मधून काढून टाका. कुरकुर होईल, पण नियमामागे अर्ध्या तासाचं काम आहे. एकच टेस्ट दहा-बारा रिक्वायरमेंटला जोडलेली दिसली तर तिथून सुरुवात करा. बहुतेक ती «सुरुवातीपासून शेवटपर्यंत» छापाची टेस्ट असते, जी सगळ्यातून जाते आणि मधलं काहीच तपासत नाही.

हे सगळं तुमच्यासारख्या छोट्या टीमपुरतं. अंबड-सातपूरला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांचं काम करणाऱ्यांना आयएसओ २६२६२ हे गाड्यांच्या सुरक्षिततेचं मानक लागू असेल तर त्यांना एक्सेलवर भागवणं कठीण, तिथे कडक नियम आणि वेगळी साधनं असतात.

क्वालिटी विभागाला टक्के पाठवणं बंद करा. D शून्य असलेल्या किंवा E हा D पेक्षा कमी असलेल्या ओळी वेगळ्या काढून फक्त तेवढ्याच पाठवा, आणि प्रत्येक ओळीपुढे «न तपासता सोडायला मंजुरी कोणाची» हा रकाना ठेवा. नाव लिहायची वेळ आली की HP-17-05 चं उत्तर क्लायंटकडून लवकर येतं. ही यादी रिलीजच्या आदल्या संध्याकाळी नको, निदान तीन-चार दिवस आधी जाऊ द्या. आणि नवीन बिल्ड आलं की `Runs` शीट रिकामी करायला विसरू नका, नाहीतर मागच्या बिल्डचे PASS याही वेळी मोजले जातील.