कोवळं ऊन, काचेची खिडकी आणि एक थेंब

कॅनडातल्या एडमंटनहून एका मुलीचं पत्र आलं आहे. बाळ अकरा आठवड्यांचं आहे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला झालेलं, आणि सासूबाई सांगलीहून बाळंतपणासाठी आल्या आहेत. पत्र लांबलचक आहे. त्यात लोहाच्या थेंबांची शंका आहे, बी-१२ची आहे, गुटीची आहे. मला मात्र एकाच परिच्छेदाने बसल्या जागी अस्वस्थ केलं.

“मावशी, नर्सने सांगितल्याप्रमाणे मी ड जीवनसत्त्वाचे थेंब देत होते. आई म्हणतात, आईच्या दुधात सगळं असतं, आम्ही कुणाला थेंब दिले नाहीत, सकाळचं कोवळं ऊन दिलं. त्या रोज बाळाला तेल लावून खिडकीपाशी उन्हात धरून बसतात. त्यात ह्यांनी ऑनलाइन दुसरी बाटली मागवली, ती वेगळीच निघाली. किती द्यायचं ते कळेना म्हणून पंधरा दिवस मी काहीच दिलेलं नाही. माझं दूध कमी पडतं का, हा विचार रात्री झोपू देत नाही.”

अगं, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. तुझं दूध कमी पडत नाही. ड जीवनसत्त्व हे मुळात दुधातून मिळायचं नसतंच, ते कातडीत उन्हामुळे तयार होतं. एक लिटर आईच्या दुधात त्याची साधारण २५ युनिट असतात. तुझं बाळ दिवसाला पाऊण लिटर प्यालं, तर त्याच्या पोटात २० युनिटसुद्धा जात नाहीत, आणि गरज आहे रोज ४०० युनिटची. तू कितीही डिंकाचे लाडू नि हळिवाची खीर खाल्लीस, तरी हा आकडा हलत नाही. आईने स्वतः रोज ६४०० युनिट घेतली तर दुधातून बाळाला पुरेसं मिळतं, असं संशोधनात दिसलं आहे, पण तो मोठा डोस आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचा नाही. जन्माच्या वेळी बाळ तुझ्याकडून थोडी शिदोरी घेऊन येतं, ती काही आठवडे पुरते. तुझ्यातच कमतरता असेल, तर ती शिदोरीही तोकडी. आपल्यातल्या कितीजणी गरोदरपणी भरपूर उन्हात हिंडलेल्या असतात?

आता सासूबाईंच्या उन्हाकडे येते. ह्या विषयावर मी कुणालाच सोडत नाही, माझ्या आईलाही सोडलं नव्हतं.

कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतो तो उन्हातला एक विशिष्ट भाग, अतिनील-ब किरणांचा. सूर्य जितका खाली, तितकं त्या किरणांना जास्त हवेतून यावं लागतं आणि ते वाटेतच गळून जातात. म्हणून सकाळचं कोवळं ऊन सुखद असतं, ऊबदार असतं, पण ह्या कामाला जवळजवळ निरुपयोगी असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हात हे जीवनसत्त्व फारसं होत नाही. सांगलीत डिसेंबरातल्या भर दुपारीही सावली उंचीपेक्षा आखूड असते. एडमंटनमध्ये त्याच दिवशी, सूर्य माथ्यावर म्हणावा अशा वेळी, ती उंचीच्या चौपटीहून लांब पडते. उद्या दुपारी सासूबाईंना घेऊन अंगणातल्या बर्फावर उभी राहा आणि पावलं टाकून सावली मोजा. माझ्या चार परिच्छेदांपेक्षा ती सावली त्यांना लवकर पटेल.

तुमच्याच गावात हे तपासूनही झालं आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन आणि एडमंटनच्या खऱ्या उन्हात कातडीचे नमुने ठेवून पाहिले. बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांत काहीही तयार झालं नाही. एडमंटनमध्ये तो काळ ऑक्टोबर ते मार्च असा निघाला. तुझं बाळ ऑक्टोबरचं. म्हणजे निव्वळ तुझ्या दुधावरचे त्याचे सहाही महिने नेमके ह्याच काळात येतात.

शिवाय खिडकीची काच. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण अतिनील-ब किरण काच अडवते. सासूबाई बाळाला जे देतात ते प्रेम आहे आणि शेक आहे, ड जीवनसत्त्व नाही. मग उन्हाळ्यात दुपारी बाहेर न्यावं का? तेही नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ज्या उन्हात जीवनसत्त्व तयार होतं तेच ऊन कोवळी कातडी भाजतं. आणि आपला सावळा रंग ह्याच किरणांपासून बचाव करतो, म्हणून गोऱ्या बाळापेक्षा आपल्या बाळाला त्याच कामाला जास्त वेळ लागतो. थोडक्यात, कोवळ्या उन्हाने काम होत नाही आणि कडक ऊन देता येत नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझा थोरला १९९०च्या नोव्हेंबरात शिकागोत झाला. माझी आई साताऱ्याहून आली होती, आणि आम्ही दोघी अगदी हेच करत होतो, रोज सकाळी तेल लावून खिडकीत. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी थेंबांचं नावही काढलं नाही. वर्ष झालं तरी दात नाहीत, टाळू भरलेली नाही, उभं केलं की रडायचा. मनगटं जाड दिसायची, आणि मी आपली म्हणायची, किती गुटगुटीत आहे! तेराव्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी त्याचं मनगट दोन बोटांत धरलं, मग बरगड्यांवरून बोट फिरवलं. तिथे मण्यांची माळ लागावी तशी टेंगळं होती. मनगटाच्या एक्स-रेमध्ये हाडाची टोकं विसविशीत सुतासारखी दिसली. मुडदूस, ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार. तो शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता, दुष्काळातल्या गोष्टींमध्ये. माझ्या घरात, भरलेल्या फ्रिजसमोर, तो येईल असं वाटलं नव्हतं. औषध सुरू केल्यावर मूल काही महिन्यांत सावरलं, पाय सरळ व्हायला मात्र तो शाळेत जाईपर्यंत वेळ लागला. त्यानंतर मी फार्मसी शिकले आणि तेवीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहिले. तेव्हा माझी चिडचिड समजून घे.

आणि तुझ्या सासूबाईंना हेही सांग, की आता भारतातले बालरोगतज्ज्ञसुद्धा पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटच सांगतात. थेंब हे काही परदेशी फॅड नव्हे.

आता बाटल्या. पत्राबरोबर तू दोन्ही लेबलांचे फोटो पाठवलेस, हे फार शहाणपणाचं केलंस. पहिल्या बाटलीवर लिहिलं आहे, १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट, आणि बरोबर रेघ असलेला ड्रॉपर आहे. दुसरीवर लिहिलं आहे, १ थेंबात ४०० युनिट, आणि ड्रॉपर नाही. तुझा नवरा म्हणतो की पहिल्याच ड्रॉपरने रेघेपर्यंत दुसरं भरून देऊ. तू थांबलीस, देवाची कृपा. अशा एका मिलिलिटरमध्ये साधारण तीस थेंब मावतात. तीस गुणिले चारशे, म्हणजे बारा हजार युनिट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची रोजची वरची मर्यादा १००० आहे. हे रोज होत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाळ पीत नाही, उलट्या करतं, शी घट्ट होते, लघवी फार होते, मलूल पडतं. २०१०मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ह्याच चुकीबद्दल पालकांना सावध केलं होतं, की काही ड्रॉपरमध्ये गरजेपेक्षा खूप जास्त औषध मावतं.

तेव्हा घरात एकच बाटली ठेव. तू थेंबाची ठेवलीस तरी चालेल, तिच्यात बाळाच्या तोंडात जाणारं तेल कमी. बाटली पूर्ण उलटी, सरळ धर आणि थांब; हलवू नकोस, दाबू नकोस. थेंब स्वच्छ बोटावर किंवा स्तनाग्रावर पडू दे आणि लगेच बाळाला घे. चुकून दोन थेंब पडले तर ८०० झाले, घाबरू नकोस. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नकोस. तुझे पंधरा दिवस बुडाले, त्याचीही भरपाई करायची नाही, आज एक थेंब दे आणि पुढे चालू ठेव. किमान वर्ष पूर्ण होईपर्यंत. लेबलवर युनिटऐवजी मायक्रोग्रॅम दिसले तर १० मायक्रोग्रॅम म्हणजेच ४०० युनिट. इतर देशांतल्या वाचकांसाठी: डब्यातल्या पावडरचं वरचं दूध देत असाल तर त्यात हे घातलेलं असतं, म्हणून अमेरिकेत दिवसाला लिटरभर आणि ब्रिटनमध्ये अर्ध्या लिटरहून जास्त वरचं दूध होत असेल, तर वेगळे थेंब लागत नाहीत. थोडं अंगावर, थोडं वरचं असेल तर आपल्या डॉक्टरांना प्रमाण सांगा.

बाकीचं भराभर. गुटी नको, सहा महिने दुधाशिवाय काहीच नको. लोहाचं चौथ्या महिन्याच्या तपासणीला विचार. बी-१२ मात्र टाळू नकोस: तू जन्मापासून शाकाहारी आहेस, दुधातलं बी-१२ तुझ्या साठ्यातून जातं, तेव्हा ह्याच आठवड्यात स्वतःचं रक्त तपासून घे आणि गोळी सुरू कर. बाळ सुस्त वाटलं किंवा आधी हसायचं ते हसेनासं झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस.

आणि सासूबाईंची मालिश बंद करू नकोस गं. खिडकीतली ती जागाही राहू दे, बाळाला ऊब आवडते. फक्त मालिश आणि अंघोळ झाली की थेंब त्यांच्याच हातून दे. थेंब देणारी व्यक्ती एकच असू दे, नाहीतर सकाळी आजीने दिला, संध्याकाळी बाबाने दिला, असं होतं. माझ्या नातीच्या वेळी आमच्याकडे झालंच होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकोनात पेनाने टिंब काढायचं, आणि टिंब दिसलं की बाटलीला हात लावायचा नाही, हे तुझ्या नवऱ्यालाही सांग.