हत्ती मराठीत आणायचा तर दारातून आणा

प्रश्न: मित्राचा इंग्रजी स्टँडअप सेट मराठीत करतोय, नाशिकला कॉलेज रोडच्या एका कॅफेत पाच मिनिटांचा ओपन माइक आहे. त्यात हा जोक आहे: मीटिंगमध्ये बॉस म्हणतो, 'लेट्स ॲड्रेस द एलिफंट इन द रूम', आणि अकरा जण वळून याच्याकडे बघतात (मित्र चांगला जाडजूड आहे). 'खोलीतला हत्ती' लिहिलं तर कुणाला कळलं नाही. 'सगळ्यांना माहीत असलेली पण कुणी न बोलणारी गोष्ट' लिहिलं तर हत्तीच गेला. तळटीप तर स्टेजवर देता येत नाही. काय करू?

उत्तर:

वाक्प्रचाराला मराठी प्रतिशब्द शोधणं आधी थांबवा. या जोकमध्ये तो वाक्प्रचार काय काम करतो ते बघा. कामं दोन आहेत. पहिलं, बॉसने तो सहज, कुणाला दुखवायचा हेतू नसताना बोलला पाहिजे आणि खोलीतल्या सगळ्यांना त्याचा अर्थ डोळ्याची पापणी लवायच्या आत कळला पाहिजे. दुसरं, त्यातलं चित्र शब्दशः घेतलं की ते थेट मित्राच्या अंगावर जाऊन बसलं पाहिजे. तुमच्या पहिल्या प्रयत्नात चित्र राहिलं पण सहजपणा गेला, कारण मराठी बॉस 'खोलीतला हत्ती' म्हणतच नाही. दुसऱ्यात अर्थ राहिला आणि चित्र गेलं. दोन्हींतलं एक जरी हललं तरी जोक मरतो, त्यामुळे 'अर्ध जमलंय' असं इथे काही नसतं.

(सेटमधले बाकीचे वाक्प्रचार, म्हणजे 'ॲट द एंड ऑफ द डे' छाप, फक्त बोलण्याच्या ओघात आलेले असतील तर त्यांच्यावर पाच मिनिटंही घालवू नका. सरळ उडवा. ज्या वाक्प्रचारावर हशा उभा आहे तेवढ्याचीच काळजी करायची.)

आता उलट दिशेने शोधायचं. मराठीत कुठली म्हण ऑफिसात सहज तोंडात येते आणि तिच्यात मोठा देह आहे? तुमचं नशीब जोरावर आहे, तिच्यात हत्तीच आहे: 'हत्ती गेला, शेपूट राहिलं.' काम जवळजवळ संपलं, थोडकं उरलं. महिनाअखेरीला बिलांच्या ढिगासमोर बसलेल्या कुणाच्याही तोंडी शोभेल. फक्त तिचा अर्थ वेगळा आहे. इंग्रजी वाक्प्रचार 'न बोलण्या'बद्दल आहे, ही म्हण 'उरण्या'बद्दल. म्हणून जोकची जागा बदलावी लागेल. इंग्रजीत हत्ती खोलीत आहे, मराठीत हत्ती जाणार आहे. म्हणजे मित्राला खुर्चीत बसवून चालणार नाही, त्याला दारातून बाहेर काढावं लागेल. आणि मागे शेपूट लागेल.

मी हा तुकडा असा लिहीन:

'आमचे साहेब पंचावन्नचे. पगार वाढवत नाहीत, म्हणी वाढवतात. शंभरातली नव्वद बिलं निघाली: "हत्ती गेला, शेपूट राहिलं!" डबा संपला, फोडभर लोणचं उरलं: "हत्ती गेला, शेपूट राहिलं!" परवा मीटिंग संपली. मी उठलो. माझ्या मागे आमचा ट्रेनी, बेचाळीस किलो, बॅगेसकट. मी दारातून बाहेर पडलो. आतून साहेबांचा आवाज: "हत्ती गेला..." (थांबा) आणि ट्रेनी आतच राहिला.'

इथे काय काय केलंय ते नीट बघा, कारण बाकीच्या सेटलाही तेच लागणार आहे.

कॉलेज रोडच्या कॅफेत समोर बसलेली बरीचशी मंडळी विशी-पंचविशीतली असतील. म्हण सगळ्यांना येत असेलच असं नाही. पण 'म्हणजे काय, तर...' असं सांगायला गेलात की तो तास होतो, मराठीचा. त्याऐवजी म्हण आधी दोनदा वापरली आहे आणि दोन्ही वेळा अर्थ दाखवणारा प्रसंग तिच्या अगोदर ठेवला आहे: नव्वद बिलं निघाली, फोडभर लोणचं उरलं. ज्याला म्हण माहीत नव्हती त्यालाही तिसऱ्या वेळेपर्यंत पाठ होते. दोन्ही वेळा शब्द अगदी तेच ठेवा. काही घरांत 'राहिलं' म्हणतात, काही घरांत 'अडकलं'. कुठलं तरी एकच धरा, कारण शेवटचा 'राहिला' त्या 'राहिलं'चा प्रतिध्वनी आहे. वरती 'अडकलं' वापरून खाली 'राहिला' म्हटलंत तर टाळी निम्मी होईल.

तिसऱ्या वेळी म्हण अर्धीच सोडली आहे. उरलेला अर्धा भाग प्रेक्षक मनात पूर्ण करतात, आणि त्या क्षणी शेपूट कोण हे त्यांना स्वतःला सापडतं. तुम्ही सांगायचं नाही. 'म्हणजे मी हत्ती आणि तो शेपूट' हे वाक्य मित्र स्टेजवर घाबरून जोडेल, माझं ऐका, कागदावरच लाल पेनने बंदी घाला.

आता शब्दक्रम. इंग्रजीत धक्का देणारा शब्द वाक्याच्या टोकाला सहज जातो, कारण क्रियापद आधी होऊन गेलेलं असतं. मराठीत क्रियापद शेवटी बसतं आणि धक्का त्याच्या आधीच फुटतो. मूळ जोकचं सरळ भाषांतर 'अकरा जणांनी वळून माझ्याकडे बघितलं' असं होतं. हशा 'माझ्याकडे'वर येणार, आणि मित्र अजून 'बघितलं' बोलत असणार. लोक त्याचं ऐकायचं म्हणून हसू गिळतात. उपाय म्हणजे वाक्य फोडायचं: 'अकरा माना वळल्या. माझ्याकडे.' किंवा प्रश्न करून उत्तर वेगळं काढायचं: 'अकरा माना वळल्या. कुणाकडे?' आणि मग उत्तर तोंडाने न देता नुसतं स्वतःच्या पोटाकडे बघायचं. 'आहे', 'होतं' ही शेपटं (हो, इथेही) पंचलाइनमधून बिनदिक्कत कापा. मराठीत ती गाळली तरी वाक्य उभं राहतं.

पण धक्का जर क्रियेतच असेल तर मराठी तुम्हाला फुकटात मदत करते. 'ट्रेनी आतच राहिला' यात विनोद 'राहिला'मध्ये आहे आणि तो आपोआप शेवटी आला आहे. म्हणून जोक मराठीत बांधताना मी आधी विचारतो की धक्का नामातून काढून क्रियापदात नेता येईल का. निम्म्या वेळा येतो.

लिंगाचा सापळा या जोकमध्ये नाही, पण सेटमध्ये कुठेतरी नक्की असेल. 'डॉक्टरला फोन केला, दार उघडलं तर माझी एक्स' अशा जातीचा जोक इंग्रजीत चालतो, कारण डॉक्टर पुरुष की बाई हे शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत तुम्ही 'डॉक्टर आली' म्हटलं की गुपित फुटलं, आणि 'डॉक्टर आल्या' असा मान दिला तरी फुटलंच. तिथे भूतकाळ टाळून क्रियापद नसलेली वाक्यं वापरायची: 'दारावर बेल. डॉक्टर. हातात बॅग. बॅग ओळखीची.' हाच सेट एखादी मुलगी करणार असेल तर 'पडलो'चं 'पडले' होईल एवढंच नाही, तिला मराठीने एक जादा टॅगही, म्हणजे पंचलाइननंतरची जोडओळही, दिली आहे. बाहेरून ओरडायचं: 'साहेब, हत्तीण म्हणा!' मित्रासाठी टॅग हवाच असेल तर: 'मी बाहेरून म्हटलं, साहेब, शेपूट पाठवा, लिफ्ट आली.'

'वुई'चं काय केलंत तेही एकदा तपासा. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, आणि स्टेजवर हा फरक फार मोठा आहे. 'आपण सगळे ऑफिसात असेच वागतो' म्हटलं की प्रेक्षक जोकच्या आत येतात. 'आम्ही असेच वागतो' म्हटलं की ते बाहेर बसून बघतात. खेचायची असेल तिथे 'आपण' जपून, कारण लोकांना न विचारता तुम्ही त्यांनाही ओढता.

नाशिकचं काही घालायचं असेल तर ते टॅगमध्ये घाला, जोकचा खांब करू नका. ऑफिस सातपूर एमआयडीसीत आहे एवढं म्हटलं तरी खोली जिवंत होते, पण जोक त्यावर उभा नाही, त्यामुळे पुण्यातही चालेल. सेटमध्ये कुणी तोरा मिरवणारं पात्र असेल तर 'नाकाने कांदे सोलते' हा वाक्प्रचार इथे सोन्यासारखा आहे: 'ही नाकाने कांदे सोलते. लासलगावला पाठवा, दोन तासांत ट्रक रिकामा.' मात्र कांद्याच्या भावावर जोक नको. ज्याच्या घरी कांदाचाळीत माल पडून आहे असा एक जण समोर असला की त्या टेबलाचं हसू बंद होतं, आणि नाशिकमध्ये असा एक जण असतोच.

एक गोष्ट मात्र या रूपांतरात जाते, ती ओळखून घ्या. इंग्रजी जोक 'माझ्या वजनाबद्दल कुणी बोलत नाही' हे सांगतो. माझ्या तुकड्यात ते नाही. पुढची दोन-तीन मिनिटं त्याच मुद्द्यावर असतील तर शेवटी एक ओळ जोडावी लागेल: 'खोलीत कुणी हसलं नाही. सगळे एकदम लॅपटॉप बघायला लागले.' पुढे हत्तीचा कॉलबॅक असेल, म्हणजे तोच हत्ती परत येणार असेल, तर चिंता नाही, हत्ती शाबूत आहे.

कॅफेत जाण्याआधी चार-पाच जणांना 'हत्ती गेला...' एवढंच म्हणून दाखवा आणि पुढचं कोण पूर्ण करतं बघा. बहुतेकांनी केलं तर दोनदा पेरायची गरज नाही, लोणच्याची ओळ काढा, तुकडा हलका होईल. मग ओपन माइकचं फोनवर रेकॉर्डिंग करा आणि हशा कुठल्या शब्दावर आला ते कागदावर खूण करून बघा. हशा आला पण एखाद्या सेकंदाने उशिरा, तर लोक म्हण आठवत होते, म्हणजे पेरणी कमी पडली. हशा 'राहिला'च्या आधी 'ट्रेनी'वरच आला, तर बेचाळीस किलो आणि बॅग यांनी शेपूट आधीच दाखवून टाकलं, बॅग काढा. नुसतं कौतुकाचं 'अरे वा' आलं, तर त्यांना म्हण आवडली, जोक नाही. साहेबांचा 'हत्ती गेला...' नंतरचा थांबा वाढवा. आणि कुणी पहिल्या रांगेतून मोठ्याने 'शेपूट राहिलं!' ओरडलं, तर मित्राने त्याच्याकडे बघून फक्त एवढंच म्हणायचं: 'साहेब, तुम्ही इथे?'