जर्मनीची ऑफर आणि घरची बढती: सही करण्याआधी कॅलेंडर मांडा

प्रश्न: "बव्हेरियातल्या एका कंपनीकडून सीनियर इंजिनियर म्हणून दोन वर्षांच्या कराराची ऑफर आहे. इथे दोन वर्षांत विभागप्रमुख होण्याची चांगली शक्यता आहे. बायको नोकरी करते, मुलगा तिसरीत जाईल. पगार तिप्पट दिसतोय. जावं का?"

व्हिसाची कागदपत्रं, पगाराची किमान अट, अपॉइंटमेंट हे सगळं सरकारी पानांवर नीट लिहिलेलं आहे, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुमच्या प्रश्नात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत: पदाची पायरी, कराराची मुदत, बायकोचा पगार आणि मुलाची इयत्ता. या चारही मलाही सतावून गेल्या आहेत, म्हणूनच इतकं लांब लिहितोय.

आधी पायरी. 'सीनियर इंजिनियर' हे नाव तिथे फारसं काही सांगत नाही. कंपनी धातू किंवा विद्युत उद्योगात असेल आणि सामूहिक वेतनकराराखाली येत असेल, तर तुमचा पगार ठरतो वेतनगटावरून, म्हणजे ऑफरमध्ये जिथे 'एंटगेल्टग्रुपे' लिहिलेलं असतं त्याच्या आकड्यावरून. बव्हेरियात हे गट 1 ते 12 आहेत, शेजारच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 1 ते 17. म्हणून तिकडच्या मित्राने "मी दहाव्या गटात आहे" म्हटलं, तर त्या दहाची तुमच्या दहाशी तुलना होत नाही. आत शिरताना मिळालेला गट पुढे बदलणं कठीण जातं. गट माणसाच्या अनुभवाला चिकटलेला नसतो, त्या जागेच्या कामाच्या वर्णनाला चिकटलेला असतो. तुम्ही कितीही चांगलं काम केलंत तरी वर्णन तेच राहिलं तर गटही तोच राहतो. कामगिरीचा भत्ता तेवढा वाढतो.

दुसरी चूक तासांची होते. या उद्योगातला वेतनतक्ता आठवड्याच्या 35 तासांसाठी असतो. ऑफर 40 तासांची असेल आणि रक्कम तक्त्यातल्या 35 तासांइतकीच असेल, तर तासाचा दर साडेबारा टक्क्यांनी कमी झाला. पाच तास जास्त घेतले तर पगारही सुमारे चौदा टक्क्यांनी जास्त हवा. ऑफरपत्रात तास आणि गट दोन्ही लिहिलेले नसतील तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कंपनी वेतनकराराबाहेरची असेल तर गटच नसतो. तेव्हा एकच प्रश्न विचारा: या जागेच्या वरची जागा कोणती, आणि त्या जागेवरचा माणूस टीमशी कोणत्या भाषेत बोलतो? उत्तर 'जर्मन' आलं तर तुमची वरची मर्यादा तुमच्या भाषेएवढी आहे. बी1 म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीवर परवाना मिळतो, पण बैठकीत वाद घालून माणसं सोबत घेता येत नाहीत. त्यासाठी सी1 म्हणजे अस्खलित बोलण्याच्या पातळीजवळ जावं लागतं, आणि नोकरी सांभाळून तिथे पोचायला बहुतेकांना तीन-चार वर्षं लागतात. इकडे त्याच काळात तुमच्या बरोबरीचा माणूस बजेट आणि भरती हाताळायला शिकलेला असतो.

आता कराराची मुदत. ही बाजू कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून तारखा घालूनच मांडतो. समजा, तुम्ही 1 ऑक्टोबर 2026ला रुजू झालात. चाचणीकाळ जास्तीत जास्त सहा महिने असतो, म्हणजे 31 मार्च 2027पर्यंत दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही करार संपवू शकतं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं, आणि ते 30 दिवस बदल रोखून तपासू शकतात. कायमचा वास्तव्य परवाना ब्लू कार्डधारकाला 27 महिन्यांच्या नोकरीनंतर आणि प्राथमिक पातळीच्या जर्मनवर मिळतो. बी1 असेल तर 21 महिन्यांनी.

तुमचा करार 30 सप्टेंबर 2028ला संपतो, म्हणजे 24 महिने. 27 महिने डिसेंबर 2028च्या शेवटी भरतात, तोवर करार संपलेला असतो. 21 महिने मात्र जून 2028च्या शेवटी भरतात, करार संपायच्या तीन महिने आधी. थोडक्यात, बी1चं प्रमाणपत्र मे 2028पर्यंत हातात असेल तर तुम्ही कराराच्या आत सुरक्षित होता. नसेल तर नूतनीकरणासाठी कंपनीच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, आणि त्या बसण्यात पगाराची घासाघीस करायचा आवाजच उरत नाही. कार्यालय चालू नोकरीही बघतं, त्यामुळे अर्ज करतानाच कराराला मुदतवाढ मिळालेली असेल तर फार सोपं जातं. कारण न देता केलेला मुदतीचा करार कायद्याने दोन वर्षांपर्यंतच चालतो. म्हणून "दोन वर्षांनंतर कायम करणार का, आणि ते कोण, कधी ठरवतं?" हा प्रश्न आत्ताच विचारा. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर ते नकार समजून हिशेब करा.

तिप्पट पगाराचा हिशेब असा करा. इथला हातात येणारा पगार 100 धरा, खर्च 65, शिल्लक 35. तिथला हातात येणारा, रूपांतर करून, 300 धरा. भाडं, वीज-गरम पाणी, पाळणाघर, मुलाच्या शाळेनंतरची व्यवस्था, प्रवास हे सगळं मिळून 250. शिल्लक 50. तिथे खर्च होणारा पैसा तिथल्या भावाने मोजायचा असतो, रूपांतर फक्त शिल्लकीचं करायचं. म्हणजे 300 विरुद्ध 100 ही तुलनाच चुकीची. खरी तुलना 50 विरुद्ध 35.

आता वाढ धरा. इथे बढतीसह वर्षाला 10 टक्के, खर्चाला 6 टक्के. तिथे दोन्हींना 3 टक्के. चौथ्या वर्षी इथली शिल्लक सुमारे 56 होते, तिथली सुमारे 55. म्हणजे चौथ्या वर्षापासून आर्थिक फायदा उरत नाही. चलन दर वर्षी तीन टक्क्यांनी तुमच्या बाजूने सरकलं तर तो आणखी एखादं वर्ष टिकतो. पण या हिशेबात बायकोचा पगार अजून धरलेलाच नाही. तिच्या शिल्लकीपैकी महिन्याला 15 इतका भाग घरात येत असेल, तर पहिल्या दिवशीच 50 विरुद्ध 50 होतं. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कामाचा हक्क लगेच मिळतो आणि व्हिसासाठी भाषेचं प्रमाणपत्रही लागत नाही, हे खरं. पण हक्क मिळणं आणि तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळणं यात अनेकदा दोन वर्षं जातात. ती मधली वर्षं तिच्या बायोडेटावर कोरी दिसतात, आणि परत आल्यावर त्यांची किंमत तीच मोजते. तिच्या कंपनीकडून बिनपगारी रजा किंवा परत घेण्याचं पत्र मिळतं का, ते आधी बघा. तुमच्या कंपनीशीही हेच बोला. विभागप्रमुखाची जागा कुणी राखून ठेवत नाही, पण "परत आलास तर बोलू" हे लेखी असणं आणि तोंडी असणं यात फरक असतो.

परतीचं दार उघडं ठेवायचं असेल तर दोन कागद सांभाळा. पहिला म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र; नोकरी सोडताना ते मागायचा कायदेशीर हक्क असतो, आणि वरिष्ठ बदलला की मधल्या काळातलंही मागून ठेवावं. त्याची भाषा सांकेतिक असते. "आमच्या पूर्ण समाधानाने" असं लिहिलं तर आपल्याला कौतुक वाटतं, पण वाचणारा ते मध्यम शेरा म्हणून घेतो. वरच्या दर्जासाठी "सदैव" हा शब्द लागतो, आणि सर्वोत्तमासाठी "पूर्ण" याच्या पुढचं परमोच्च रूप. मसुदा मिळाला की जाणकाराकडून वाचून घ्या, दुरुस्ती मागता येते. दुसरा कागद परवान्याचा. कायमचा परवाना साधारणपणे सहा महिने बाहेर राहिलात की संपतो, आधी कार्यालयाकडून लेखी वाढीव मुदत घेतली नसेल तर. पाच वर्षांनंतर मिळणारा युरोपीय संघाचा दीर्घकालीन परवाना ब्लू कार्डधारकाला संघाबाहेर 24 महिने राहू देतो. तीन वर्षांत परतायचा विचार असेल तर तो तुमच्या हाती येणार नाही, हे गृहीत धरूनच निघा.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. तो येतो. आठवड्यातली एक संध्याकाळ सहकाऱ्यांबाहेरच्या माणसांसाठी कायमची राखून ठेवा. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

मुलाच्या शाळेवर मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही गोष्ट अजून सलते, आणि ऑफर देणारी कंपनी ती कधीच सांगत नाही. बव्हेरियात चौथीच्या शेवटी मुलाची पुढची शाळा ठरते. मे महिन्याच्या सुरुवातीला एक गुणपत्र मिळतं. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांची सरासरी धरतात. 1 हा सर्वोत्तम गुण. विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुमसाठी 2.33 किंवा त्याहून चांगली सरासरी हवी, मधल्या दर्जाच्या रेआलशुलेसाठी 2.66. तीनपैकी दोन विषय थेट भाषेवर चालतात, आणि गणितातही शाब्दिक उदाहरणं असतात.

तुमचा मुलगा ऑक्टोबर 2026मध्ये तिसरीत बसेल. मे 2028चं गुणपत्र त्याच्यापासून फक्त 19 महिने दूर असेल, आणि चौथीच्या चाचण्या शरद ऋतूतच सुरू होतात. म्हणजे शून्यापासून जर्मन शिकायला त्याला खरं तर एक वर्षच मिळतं. हुशार मुलगा तीन, चार असे गुण आणायला लागतो, आणि घरात कुणाला कळत नाही की अडचण डोक्याची नाही, भाषेची आहे. ज्या मुलांनी पहिलीपासून तिथल्या शाळेत शिक्षण घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सवलत आहे: घसरण भाषेच्या भरून काढण्याजोग्या उणिवेमुळे असेल, तर 3.33 सरासरीपर्यंतही गिम्नाझियुमची शिफारस करता येते. शाळा हे आपणहून सांगेलच असं नाही. चौथीच्या पहिल्या पालकभेटीतच हा नियम काढा, वर्गशिक्षकांचं मत लेखी मागा आणि त्यावरची तारीख बघून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे, ऑफर स्वीकारणार असाल तर रुजू होण्याची तारीख ठरण्याआधीच त्याचा जर्मनचा वर्ग सुरू करा. त्याच्या वयात आधीचे सहा महिने मिळणं हे तुमच्या पगारातल्या कुठल्याही वाढीपेक्षा मोठं आहे. आणि तुमची रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे ढकलता येते का, हेही कंपनीला विचारा. ते बऱ्याचदा हो म्हणतात.